गाडीवर मागे कोण बसलं होतं?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही राजेंद्र नगरात राहतो. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत आहे. अभ्यासात चांगला, घरात समंजस. आजीला दवाखान्यात नेताना रिक्षावाल्याला 'भैया, आराम से' असं सांगणारा. भंवरकुआँला क्लासला जायला यांनीच त्याला घरची अ‍ॅक्टिव्हा दिली होती. गेल्या शनिवारी रात्री 'छप्पनवर जातो' म्हणून गेला आणि दोन मित्रांना मागे बसवून सुपर कॉरिडॉरला पोचला. सिग्नल लाल होत असताना गाडी काढायला गेला, आडवी कार आली, तिला चुकवताना दुभाजकावर आदळले. याचं मनगट मोडलं, मधल्या मुलाच्या हनुवटीला टाके पडले. हेल्मेट तिघांनाही नव्हतं.

'का केलंस' विचारलं की 'माहीत नाही' एवढंच म्हणतो. हे म्हणतात, खोटं बोलतोय. माझा भाचा २७ वर्षांचा आहे, त्याचं हा ऐकतो, पण त्यालाही काही सांगितलं नाही. जाऊबाई म्हणाल्या की २५ वर्षांपर्यंत मेंदूच तयार नसतो, बोलून उपयोग नाही. मग मी काय २५ होईपर्यंत वाट बघू? एवढं कळणारा मुलगा असं कसं वागतो?

– एक आई, इंदूर

सप्रेम नमस्कार.

'माहीत नाही' हे त्याचं उत्तर बहुधा खरंच आहे. त्या दोन-तीन सेकंदांत त्यानं विचार करून काही ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखं कारणही त्याच्यापाशी नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत राहिलात तर शेवटी तो तुम्हाला पटेल असं एखादं कारण तयार करून देईल, आणि खोटं बोलणं सुरू होईल ते तिथून. म्हणून 'का केलंस' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी त्याला हे विचारा: सिग्नल पिवळा झाला तेव्हा मागे बसलेले काय म्हणत होते? याचं उत्तर तो देऊ शकेल, आणि तुम्हाला जे हवंय ते बरंचसं त्यातच सापडेल.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलू, कारण बहुतेक आईबाप तिथेच अडतात. आपण धरून चालतो की या वयाच्या मुलांना धोका कळत नाही, 'आपल्याला काही होत नाही' असं त्यांना वाटतं, म्हणून ती अशी वागतात. संशोधनातून दिसतं ते वेगळंच. अपघात, व्यसन, आजार यांची शक्यता किती, असं मुलांना विचारलं तर बऱ्याच बाबतींत ती मोठ्यांपेक्षा कमी नाही, उलट जास्तच सांगतात. आणि शांतपणे, वेळ घेऊन, एकट्यानं विचार करायचा असेल तर १६ वर्षांच्या मुलाची तर्कबुद्धी मोठ्या माणसाच्या जवळपास पोचलेली असते. रिक्षावाल्याला सांभाळून चालवायला सांगणारा मुलगा आणि शनिवारी सिग्नल तोडणारा मुलगा एकच आहे, आणि दोन्ही वेळी त्याची अक्कल तेवढीच होती. त्यामुळे अपघातांचे आकडे ऐकवून, दवाखान्यातले फोटो दाखवून फारसं काही बदलत नाही. जे त्याला आधीच ठाऊक आहे तेच आपण पुन्हा सांगत असतो.

फरक पडतो तो भोवतालच्या परिस्थितीनं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं याच विषयावर काम करत आले आहेत. त्यांनी आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुमच्या शनिवारशी इतका जुळतो की तो जरा सविस्तर सांगते. तीन वयोगटांतले ३०६ जण त्यात होते: १३ ते १६ वर्षांचे, १८ ते २२ वर्षांचे आणि २४ किंवा त्याहून मोठे. त्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला होता. गाडी पुढे जात असताना दिवा पिवळा होतो. आता थांबायचं की अजून थोडं पुढे जायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. जितकं पुढे जाल तितके गुण, पण कुठल्याही क्षणी समोर भिंत येऊन आदळण्याची शक्यता. निम्मे जण हा खेळ एकटे खेळले आणि निम्मे आपल्याच वयाच्या दोघांच्या समोर.

एकटे असताना तिन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. दोघे सोबत येताच सगळ्यांत लहान गटाची जोखीम जवळपास दुप्पट झाली. मधल्या गटाचीही वाढली, पण कमी. २४ च्या पुढच्या लोकांना कोणी बघतंय की नाही यानं काही फरक पडला नाही. खेळ तोच, नियम तेच, धोका तोच. बदललं होतं ते एवढंच, की सोबत कोणीतरी होतं.

आता असं का होतं, ते बघू.

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. थांबणं, दोन गोष्टी तोलून बघणं, मनात आलेली कृती अडवणं, पुढचं डोळ्यांसमोर आणणं ही कामं मुख्यत्वे याच्याकडे असतात. या वयात तिथे दोन बदल चालू असतात. न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या कमी होत जातात, आणि जे लांब पल्ल्याचे तंतू हा भाग मेंदूच्या इतर भागांशी जोडतात त्यांच्यावर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढत जातं, त्यामुळे संदेश वेगानं आणि बिनचूक पोचतात. हे काम सगळीकडे एकदम होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १३ मुलांच्या मेंदूंची चित्रं दर दोन वर्षांनी, आठ ते दहा वर्षं घेतली गेली. २००४ साली त्यावरचा निबंध आला. हालचाल आणि स्पर्श सांभाळणारे भाग आधी पक्के होतात आणि कपाळामागच्या भागाचं काम उशिरापर्यंत चालतं, हे त्यात स्पष्ट दिसलं.

पण निव्वळ हेच कारण असतं तर नऊ वर्षांचं मूल सोळाच्या मुलापेक्षा जास्त बेफाम असायला हवं होतं, कारण त्याचा हा भाग आणखी कच्चा. तसं आपल्याला घरोघरी दिसत नाही. कारण दुसरी एक गोष्ट वयात येतानाच घडते. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. काही चांगलं मिळणार, मजा येणार, वाहवा होणार अशी चाहूल लागली की तो डोपामिनच्या साहाय्यानं जागा होतो आणि आपल्याला तिकडे ओढतो. वयात येताना हा भाग फार संवेदनशील होतो. ही ओढ तेराच्या आसपास जोर धरते आणि तिला आवरणारी यंत्रणा मात्र विशीपर्यंत, काहींची त्याच्याही पुढे, सावकाश पक्की होत राहते. मधली चार-पाच वर्षं यामुळेच अवघड जातात. पुष्कळ जण याला ब्रेक नसलेल्या गाडीची उपमा देतात. मला ती पुरती पटत नाही. तुमच्या मुलाला ब्रेक आहेत आणि ते रोज क्लासला जाताना लागतातही. ठरावीक वेळी ओढ इतकी वाढते की तेच ब्रेक कमी पडतात, एवढाच त्याचा अर्थ.

ही ठरावीक वेळ कुठली, ते स्टाइनबर्ग यांच्याच गटानं पुढे तपासलं. २०११ मध्ये जेसन चीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं काम दाखवणाऱ्या यंत्रात झोपवून लोकांना असाच सिग्नलचा खेळ खेळायला लावला. एकदा एकट्यानं, आणि एकदा त्यांचे स्वतःचे मित्र शेजारच्या खोलीत पडद्यावर खेळ बघत असताना. मित्र बघताहेत हे माहीत असलं की किशोरवयीन मुलं जास्त सिग्नल तोडत होती, आणि त्याच वेळी त्यांचं स्ट्रायटम एकटं असतानापेक्षा जास्त जागं होत होतं. मोठ्यांमध्ये हे घडलं नाही. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे: आवर घालणाऱ्या भागाचं काम मित्र असताना मंद पडलं, असं काही दिसलं नाही. म्हणजे मित्रांमुळे मुलाची अक्कल गहाण पडते असं नव्हे. मित्रांसमोर त्याच पिवळ्या दिव्याचं बक्षीस मोठं दिसायला लागतं.

माणसांच्या पोरांचंच हे वैशिष्ट्य आहे असंही नाही. वयात येणाऱ्या उंदरांना बरोबरीच्या उंदरांसोबत ठेवलं तर ते एकटे असतानापेक्षा जास्त दारू पितात आणि प्रौढ उंदीर तसं करत नाहीत, असा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर एकमेकांना चिडवत नाहीत, 'डरपोक' म्हणत नाहीत. म्हणून 'संगत वाईट' असं म्हणून त्या दोन मुलांवर सगळं ढकलू नका. त्यांनी तोंडातून शब्द काढला नसता, तरी त्यांच्या नुसत्या असण्यानं फरक पडला असता. आणि त्यांच्या घरी तुमच्या मुलाबद्दल हेच बोलणं चालू असेल.

आता शनिवार पुन्हा बघू. माझ्यापुढे तुमचं पत्रच आहे, बाकीचं तुम्ही त्याच्याकडून समजून घ्याल, पण अशा रात्री साधारण कशा घडतात ते मी बरंच ऐकलं आहे. घरून निघताना त्याच्या मनात सुपर कॉरिडॉर बहुधा नसतोच. तो तुमच्याशी खोटं बोललेला नसतो. छप्पनवरच जायचं असतं. तिथे गर्दीत उभं राहून खाणं होतं, कोणीतरी म्हणतं, 'चल, सुपर कॉरिडॉर का एक राउंड मारते हैं.' घरी, जेवणाच्या टेबलावर हाच प्रस्ताव आला असता तर तो 'नको' म्हणाला असता. इथे दोन तोंडं त्याच्याकडे बघत आहेत. पहिलं पाऊल तिथे पडतं. तिघांना एकच गाडी, म्हणून ट्रिपल सीट. हेल्मेट एकच किंवा तेही नाही. मागच्या दोघांना नसताना आपण घालणं त्याला विचित्र वाटतं. मग रस्ता. तुम्हाला तो माहीतच आहे: रुंद, सरळ, रात्री मोकळा. अशा रस्त्यावर वेग किती झाला ते चालवणाऱ्याला कळत नाही. तीन माणसांच्या वजनानं गाडी थांबायला लागणारं अंतर वाढलेलं असतं आणि याचा त्याला अंदाज नसतो, कारण रोज तो एकटा जातो. आणि मग पिवळा दिवा, मागून 'निकाल ले, निकाल ले!', आणि निर्णयाला वेळ दीड-दोन सेकंद.

या सगळ्यात शेवटचे दोन सेकंद सुधारणं जवळपास अशक्य आहे. त्या वेळी त्याला तुमचं काहीही आठवणार नाही, कितीही समजावून सांगितलेलं असलं तरी. सुधारता येतं ते त्याच्या आधीचं: किल्ली कोणाकडे होती, गाडीवर किती जण बसले, रात्री घरी कसं यायचं हे आधी ठरलं होतं का. शांत डोक्यानं घेतलेला निर्णय गरम डोक्याच्या वेळेआधीच अमलात आणून ठेवायचा, हाच इथला उपाय. तुमच्या जाऊबाईंनी सांगितलेल्यात अर्धं खरं आहे. फक्त बोलून उपयोग नाही, हे बरोबर. पण २५ ही काही रेघ नाही. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत काही कुलूप उघडत नाही. तो बदल सावकाश होतो, माणसागणिक वेगळा होतो. वाट बघत बसण्याचं तर काहीच कारण नाही, कारण परिस्थिती बदलली की हाच मुलगा आजही नीट वागतो, हे तुम्हीच लिहिलं आहे.

तेव्हा पहिली गोष्ट गाडीची, आणि ही मला तुमच्या यजमानांना सांगायची आहे. क्लासला जायलासुद्धा त्याच्या हाती अ‍ॅक्टिव्हा देऊ नका. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी परवाना काढून चालवता येते. अ‍ॅक्टिव्हा त्याच्या दुपटीहून मोठी आहे. तिला १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनं या कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत परवाना नाही. 'मला माहीत नव्हतं' असं पालकाला सिद्ध करता आलं तर सुटका आहे, पण किल्ली स्वतः दिली असेल तर ते कसं म्हणणार? शिवाय चालवणाऱ्याकडे परवाना नसताना कोणाला इजा झाली, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्या दुसऱ्या मुलाच्या घरी तुम्ही उभयता स्वतः जाऊन या, टाक्यांचा खर्च विचारा. मुलालाही बरोबर न्या. त्यानं तिथे काही बोललं पाहिजे असं नाही, पण त्या घरात त्यानं बसावं.

किल्ली काढून घेताना 'तुझ्यावर विश्वास राहिला नाही' असं म्हणू नका. ते खरंही नाही. असं सांगा: 'एकटा असताना तू नीट चालवतोस. मागे दोघे असले की कोणाचंही या वयात असं होतं, आणि याचं कारण आम्हाला आता कळलं आहे. म्हणून १८ पर्यंत गाडी नाही.' त्याला वरचा ३०६ जणांचा प्रयोग सांगितलात तरी चालेल. सोळाच्या मुलांना स्वतःच्या मेंदूबद्दल ऐकायला आवडतं, आणि आपण वाईट आहोत असं ऐकून घेण्यापेक्षा हे ऐकणं त्यांना सोपं जातं.

दुसरी गोष्ट मित्रांची. मित्र तोडायला लावू नका. त्या वयात ते जमतही नाही, आणि जमलं तर तो तुमच्यापासून लपवायला शिकेल. मित्रांच्या मधे वापरता येईल असं एखादं वाक्य मात्र त्याच्या हाती द्या. 'सावध राहा' हा सल्ला अशा वेळी निकामी ठरतो, कारण तो कधी, काय करून पाळायचा हे त्यात नाही. 'असं झालं तर मी असं करीन' इतक्या नेमक्या शब्दांत आधी ठरवलेलं असेल तर ते आठवण्याची शक्यता बरीच जास्त असते. उदाहरणार्थ: 'कोणी राउंड मारू म्हणालं, तर मी म्हणणार, पापा लोकेशन देख रहे हैं, मी ऑटोनं येतो.' दोष बापावर ढकलू द्या. मित्रांसमोर 'मला भीती वाटते' म्हणणं त्याला जड जातं, 'आमचे पप्पा फार कडक आहेत' म्हणणं जात नाही. हे वाक्य त्याच्याच भाषेत, त्यालाच बनवू द्या, आणि दोन-तीनदा मोठ्यानं म्हणवून घ्या. त्याला हसू येईल, येऊ द्या.

आणि यजमानांकडून एक शब्द घ्या. रात्री कितीही वाजता त्यानं फोन केला की 'न्यायला या', तर ते जातील आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाहीत. प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी विचारा. फोन केला की शिव्या बसणार हे माहीत असलं की मुलं फोन करत नाहीत, मित्राच्या गाडीवर तिसरी म्हणून बसतात.

तिसरी गोष्ट तुमच्या भाच्याची. त्याचं वय तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. टेम्पल विद्यापीठातल्याच एका प्रयोगात १८ ते २२ वर्षांच्या मुलग्यांच्या गटात एकाच्या जागी २५ ते ३० वयाचा एक जण बसवला, तर गटात असूनही मुलं एकट्यानं घेतात तसेच सावध निर्णय घेऊ लागली. तो कोणी वडीलधारा नव्हता, उपदेशही करत नव्हता. थोडा मोठा होता, एवढंच. तुमचा मुलगा त्यांच्याहून लहान आहे, त्यामुळे हुबेहूब तेच घडेल असं मी म्हणणार नाही, पण करून बघण्यात तोटा काहीच नाही. गणपतीत रात्री झांकी बघायला जायचं असेल, रंगपंचमीच्या गेरला जायचं असेल, पावसाळ्यात पातालपानीला किंवा चोरलला जायचा बेत निघाला असेल, तर 'जाऊ नको' म्हणण्यापेक्षा 'दादा येतोय तर जा' म्हणा. धबधब्याच्या कडेला उभं राहून रील काढताना जे होतं ते सिग्नलवरच्यासारखंच आहे. तिथे बघणारे दोन नसतात, फोनच्या पलीकडे शंभर असतात. भाच्याला मात्र आधी सांगून ठेवा की त्यानं पहारेकरी व्हायचं नाही, सोबत जायचं आणि मजा करायची. त्याला काही बोलला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सध्या त्याच्याकडून उत्तर काढून घेण्यापेक्षा त्याचं तिथे असणं जास्त कामाचं आहे.

तुमच्या स्वतःच्या असण्यालाही किंमत आहे. ईव्हा टेल्झर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चौदाच्या आसपासच्या मुलांना हाच सिग्नलचा खेळ एकदा एकट्यानं आणि एकदा आई जवळ असताना खेळायला दिला. आई असताना मुलांनी कमी सिग्नल तोडले. धोका पत्करताना स्ट्रायटम जितकं जागं होत होतं तितकं झालं नाही, आणि नीट थांबण्याचा निर्णय घेताना कपाळामागचा भाग जास्त कामाला लागला. याचा अर्थ तुम्ही त्याच्या मागे मागे फिरावं असा नाही. पण तुमच्या घरी मित्र जमत असतील तर जमू द्या, दार उघडं ठेवा, अधूनमधून पोह्यांच्या बश्या घेऊन आत जा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळे प्रयोग संगणकावरच्या खेळांचे आहेत, काही फार थोड्या मुलांवर झालेले, आणि त्यांतून निघते ती सरासरी. सोळाची कितीतरी मुलं मित्रांसोबतही शांतपणे सिग्नलला थांबतात. तुमच्या मुलाचं तसंच झालं असं कोणी त्याच्या मेंदूत डोकावून सांगू शकत नाही. तरी रस्त्यावरचा अनुभवही याच दिशेचा आहे. अमेरिकेत १६-१७ वर्षांच्या मुलांना गाडी चालवायला मिळते, आणि गाडीत बरोबरीची मुलं जितकी जास्त तितका चालवणाऱ्याच्या मृत्यूचा धोका जास्त, असं तिथल्या अपघातांच्या नोंदींत आढळलं. त्यावरून त्यांनी नव्या चालकांसाठी टप्प्याटप्प्यानं परवाना देण्याची पद्धत आणली: सुरुवातीचे काही महिने बरोबरीचे मित्र बसवायचे नाहीत, रात्री उशिरा चालवायचं नाही. असे नियम जिथे लागू झाले तिथे या वयाच्या चालकांचे जीवघेणे अपघात कमी झाले. आपल्याकडे अशी पद्धत नाही, पण घरी लावायला कोणाची हरकत नाही. त्याबद्दल शेवटी सांगते.

त्याआधी, हे 'वयाचं' आहे असं कधी समजू नये, ते. मित्र नसताना, एकटा असतानाही तो जिवावरचे धोके घेत असेल; आधी शांत झोपणारा मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत नसेल किंवा झोपूनच राहत असेल; दारू किंवा नशेचा वास, पैशांचा हिशेब न लागणं असं काही दिसत असेल; 'मेलो तर काय फरक पडतो' अशा अर्थाचं बोलत असेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. शनिवारच्या घटनेत मला स्वतःला असं काही दिसत नाही. पण अपघातात डोकं आपटलं होतं का, हे एकदा नीट विचारा. पुढच्या काही आठवड्यांत डोकेदुखी, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं असं नव्यानं दिसलं, तर ते या वयावर किंवा रुसव्यावर न घालता डॉक्टरांना सांगा. हेल्मेट नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

मनगट सांधेल, आणि दोन वर्षांनी तो परवाना काढायला निघेल. तेव्हासाठीचे नियम आजच, तो शांत असताना, त्याच्याशी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. पहिले सहा महिने एकट्यानं, हेल्मेट घालून, उजेडात: घर ते कॉलेज, घर ते बाजार. पुढचे सहा महिने मागे एक जण चालेल, तोही हेल्मेट घातलेला, आणि रात्री नवाच्या आत. सुपर कॉरिडॉर आणि बायपास वर्षभर नाही. ट्रिपल सीट कधीच नाही. यातला एखादा नियम त्याला जाचक वाटला तर तो काय बदलू इच्छितो आणि का, हे त्याला मांडू द्या, आणि पटलं तर बदला. एक गोष्ट मात्र सोडू नका: मागे कोण आणि किती जण बसणार, हे किल्ली हातात घेण्याआधी घरात सांगायचं.